तेरा मेसेज, पस्तीस वेळा पाच रुपये

गेवराईच्या बसस्टँडजवळ माझं मोबाईल रिचार्ज आणि दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी नऊ वर्षं मी संभाजीनगरात एका मोबाईल कंपनीच्या बिलिंग विभागात काम केलं. म्हणून कुणाचा बॅलन्स ‘आपोआप’ कापला गेला, की तो माणूस माझ्याकडे येतो. बहुतेक वेळा एखादी चालू राहिलेली कॉलर ट्यून निघते. बाईंच्या वेळी तसं काही निघालं नाही, आणि म्हणूनच ते प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बाई म्हणजे मला चौथीला शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षिका. गोदाकाठच्या गावात राहतात, सोबत नव्वदीच्या सासूबाई. मुलगा अमेरिकेत टेक्सासला. त्याने गेल्या दिवाळीला स्वतःचा जुना आयफोन आईला दिला. बाईंनी त्यात इथलं प्रीपेड सिम घातलं आणि मुलाशी मेसेजवर बोलायला लागल्या. व्हॉट्सअ‍ॅपही होतं, पण आयफोनमधलं हिरव्या रंगाचं मेसेजचं चिन्ह त्यांना सोपं वाटायचं. तीन-चार महिने रोज दोन-चार मेसेज जात-येत होते आणि एक पैसाही कापला जात नव्हता.

मग एका आंदोलनाच्या काळात जिल्ह्यात दोन दिवस मोबाईल इंटरनेट बंद झालं. आपल्याकडे हे नवीन नाही. नेमके त्याच दोन दिवसांत सासूबाईंना ताप भरला, दवाखान्यात न्यावं लागलं. मुलाने तिकडे बातम्या पाहिलेल्या, तो काळजीत असणार हे ओळखून बाई नेहमीसारखे मेसेज टाकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मेसेजसमोर लाल खूण आली, Not Delivered. बॅलन्स पाहिला तर 178 रुपयांतले 3 उरले होते.

“मी काही गाणं लावलं नाही, कसली लिंक दाबली नाही,” बाई म्हणाल्या. “मेसेज तर फुकट असतात ना रे? दिवसाला शंभर. मी तेरा पाठवलेत. वहीत लिहिलंय.”

त्यांनी खरोखरच वहीत लिहिलं होतं. तारीख, वेळ, मजकूर, पूर्णविरामासकट. त्या वहीमुळेच पुढचा सगळा हिशोब लावता आला.

कागद काय सांगतो

प्रीपेड ग्राहकालाही आपल्या वापराचा तपशील मागता येतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2012च्या ग्राहक संरक्षण नियमांत ही तरतूद आहे आणि त्यासाठी कंपनी 50 रुपयांहून जास्त घेऊ शकत नाही. ही सोय फार कमी लोक वापरतात. कापलेल्या पैशांबद्दल भांडायचं असेल तर आधी हा कागद हातात हवा, नाहीतर समोरचा म्हणतो ‘वापर झालाय’ आणि आपण म्हणतो ‘नाही झाला’, आणि गोष्ट तिथेच संपते.

बाईंचा तपशील आला. त्या दोन दिवसांत पैसे कापल्याच्या 35 ओळी होत्या आणि प्रत्येक ओळ 5 रुपयांची. 33 ओळी मुलाच्या +1ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या आणि 2 ओळी +44ने सुरू होणाऱ्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, बाईंना अजिबात माहीत नसलेल्या क्रमांकाच्या. 35 गुणिले 5, 175. पैसे कुठेही हरवले नव्हते. प्रश्न होता तेरा मेसेजांच्या 33 ओळी कशा झाल्या आणि फुकट चालणारी गोष्ट पैशाची कशी झाली.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. बाई इतके महिने जे पाठवत होत्या ते एसएमएस नव्हतेच. मुलाकडेही आयफोन, त्यामुळे तो मजकूर iMessage म्हणून इंटरनेटवरून जात होता, निळ्या फुग्यात. इंटरनेट बंद झालं तेव्हा फोनने तोच मजकूर मोबाईलच्या नेटवर्कवरून साधा एसएमएस म्हणून पाठवला, हिरव्या फुग्यात. फोनच्या सेटिंगमध्ये Send as Text Message असा पर्याय असतो (जुन्या फोनमध्ये Send as SMS) आणि तो चालू होता. अँड्रॉइडच्या मेसेज अ‍ॅपमध्येही असंच आहे, तिथे इंटरनेटवरून जाणाऱ्या मेसेजला RCS म्हणतात आणि ते न गेल्यास एसएमएस पाठवण्याची सोय असते. पडदा तोच, मुलाचं नाव तेच, आधीचं संभाषणही वर तसंच. बदलला तो फक्त फुग्याचा रंग. सत्तरीच्या माणसाने त्यावरून ‘आता पैसे लागतील’ हे ओळखावं, अशी अपेक्षा मला तरी रास्त वाटत नाही.

आणि दिवसाचे शंभर एसएमएस? ते देशातल्या क्रमांकांसाठी. परदेशी क्रमांकावरचा एसएमएस त्यातून जात नाही, तो थेट मुख्य बॅलन्समधून कापला जातो. बाईंच्या प्लॅनमध्ये त्याचा दर होता 5 रुपये.

एक मेसेज उलगडून

आता 33चा प्रश्न. बाईंच्या वहीतला पहिल्या दिवशीचा हा मेसेज जसाच्या तसा:

> आम्ही सगळे ठीक आहोत. इंटरनेट बंद आहे. काळजी करू नको. आजीचा ताप उतरला. दवाखान्यातून घरी आलो. तू जेव वेळेवर. फोनला पैसे लागतात म्हणून मेसेज टाकला.

याचे 15 रुपये पडले.

एसएमएसचं पाकीट जगभर एकाच मापाचं असतं, 140 बाइटचं. इंग्रजी अक्षरांसाठी जी जुनी वर्णमाला ठरली, तिच्यात एका अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून त्या पाकिटात 160 अक्षरं मावतात. ‘एसएमएस म्हणजे 160 अक्षरं’ हे आपण ऐकत आलो ते यामुळे. पण त्या वर्णमालेत देवनागरी नाही. मराठीतलं एक जरी अक्षर मजकुरात आलं, की अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीने भरला जातो, जिच्यात प्रत्येक चिन्हाला 2 बाइट लागतात. पाकीट तेवढंच, म्हणून मावतात फक्त 70 चिन्हं.

इथे ‘चिन्ह’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते फोनच्या लेखी एक नसतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचा हलन्त, सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘दवाखान्यातून’ हा शब्द बोटांवर मोजला तर सहा अक्षरी आहे: द, वा, खा, न्या, तू, न. फोनच्या हिशोबात तो 12 चिन्हांचा भरतो, कारण एकट्या ‘न्या’मध्येच न, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं आहेत. ‘आम्ही’ दोन अक्षरी, पण पाच चिन्हांचा. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही ओढून घेतली आणि स्वतः मोजायला लागल्या. शाळेत मात्रा मोजायला त्यांनीच शिकवलं होतं.

वरच्या मेसेजमध्ये मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून 144 चिन्हं आहेत. सत्तराचे दोन म्हणजे 140, तर दोन एसएमएस आणि वर थोडं, असं वाटेल. पण मेसेज एका पाकिटात मावला नाही की आणखी एक खर्च वाढतो. प्रत्येक तुकड्यासोबत ‘हा तिघांपैकी दुसरा’ अशी एक चिठ्ठी ठेवावी लागते, म्हणजे पलीकडचा फोन ते तुकडे क्रमाने जोडून एकच मेसेज दाखवू शकतो. ती चिठ्ठी 6 बाइट खाते. उरले 134 बाइट, म्हणजे दर तुकड्यात 67 चिन्हं. दोन तुकड्यांत जास्तीत जास्त 134 चिन्हं जातात. बाईंचे 144 झाले, म्हणून तिसरा तुकडा लागला. पहिला तुकडा ‘उतरला’ या शब्दाच्या मधेच संपतो, दुसरा ‘मेसेज’मधल्या ‘मे’पाशी, आणि तिसऱ्यात जेमतेम ‘सेज टाकला.’ एवढे दीड शब्द उरतात. त्या दीड शब्दांचे 5 रुपये.

‘आजीचा ताप उतरला.’ इथे बाई थांबल्या असत्या तर चिन्हं झाली असती 69. एकच पाकीट, 5 रुपये. ‘तू जेव वेळेवर’पर्यंत गेल्या असत्या तर 106, दोन पाकिटं, 10 रुपये. मुलाला मिळालेला मेसेज मात्र तिन्ही वेळा एकच दिसतो. पाठवणाऱ्यालाही एकच दिसतो. तुकडे फक्त कंपनीच्या नोंदीत दिसतात, आणि पैसे त्या नोंदीवर लागतात.

हाच मजकूर मी रोमन अक्षरांत लिहून पाहिला. तो 165 अक्षरांचा झाला, म्हणजे दोन तुकडे. शेवटचं वाक्य काढलं तर 122, एकच तुकडा, तर देवनागरीत त्याच मजकुराला दोन लागतात. मराठीत लिहिण्याचा हा दंड मला आजही बोचतो. ज्या बाईंनी शेकडो पोरांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं त्यांना मी ‘पैसे वाचवायला रोमनमध्ये लिहा’ असं सांगणार नव्हतो, आणि सांगितलंही नाही. उलटा धोका मात्र इंग्रजी लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा: इंग्रजी मेसेजच्या शेवटी एक हात जोडल्याची इमोजी टाकली, की सगळा मेसेज 160च्या मापातून 70च्या मापात येतो, आणि ती इमोजी स्वतः दोन चिन्हांची जागा घेते.

तेरा मेसेज असे मोजत गेलो. आठ मेसेज तीन तुकड्यांचे, चार दोन तुकड्यांचे, एक एका तुकड्याचा. 24, 8 आणि 1, झाले 33. कागदाशी तंतोतंत जुळलं.

त्या तेरांतले दोन मेसेज शब्दशः पुन्हा पाठवलेले होते. का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, “खाली Delivered असं येतं ना, ते आलंच नाही. मला वाटलं पोचला नाही.” ते बरोबरच होतं. iMessage पोचला की फोन तसं लिहितो, साध्या एसएमएसखाली ते येत नाही. काळजीतल्या आईने न आलेली पोच पाहून तोच मेसेज पुन्हा पाठवला आणि 30 रुपये आणखी गेले.

+44चं कोडंही सुटलं. iMessage चालू होताना फोन आपला क्रमांक खरा आहे हे सिद्ध करायला एक एसएमएस स्वतःहून पाठवतो. आपल्या इथून तो ब्रिटनच्या क्रमांकावर जातो, म्हणून परदेशी एसएमएसचा दर लागतो. तो मेसेजच्या यादीत दिसत नाही. मोबाईल कंपनी त्याचे पैसे घेऊ शकते, अशी सूचना फोनवर येते, पण ती कोण वाचतं. निळे फुगे बंद पडले म्हणून शेजारच्या पोराने iMessage बंद करून चालू केलं होतं, पुन्हा एकदा तसंच केलं होतं. दोन वेळा, 10 रुपये.

फोन केला असता तर

आता ज्या गोष्टीचं बाईंना सगळ्यात वाईट वाटलं ती. त्यांच्या फोनवर आयएसडीचा एक पॅक चालू होता. मुलानेच महिन्याच्या सुरुवातीला तिकडून टाकला होता, 28 दिवसांचा, अजून नऊ दिवस बाकी. त्या पॅकमध्ये अमेरिकेला बोलायचा दर होता मिनिटाला दीड रुपया. तेरा मेसेजांच्या 165 रुपयांत त्या 110 मिनिटं बोलल्या असत्या. ‘फोनला पैसे लागतात म्हणून मेसेज टाकला’ हे वाक्य ज्या मेसेजमध्ये होतं, त्या एका मेसेजच्या किमतीत दहा मिनिटं. इंटरनेट बंद असलं तरी साधा कॉल चालू होता.

“पण पॅक तर आयएसडीचा होता ना?” बाईंनी विचारलं. होता, पण तो कॉलचा दर कमी करतो. एसएमएसला त्याचा स्पर्श नसतो. पॅकच्या नावात आयएसडी हा एकच शब्द असतो, आणि ‘फक्त कॉलसाठी’ हे बारीक अक्षरांत. मी काउंटरवर शेकडो असे पॅक विकले आहेत. आता विकताना तोंडाने सांगतो की मेसेजला हा लागू नाही.

मिनिटभर बोलणं एका मेसेजपेक्षा स्वस्त कसं, हा प्रश्न मला बिलिंगमध्ये असतानाही पडायचा. मालाच्या वजनाकडे पाहिलं तर उलटंच हवं. मोबाईलवरच्या साध्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे 12.2 किलोबिट लागतात, म्हणजे एका बाजूच्या मिनिटभराच्या आवाजाला 90 हजार बाइटच्या वर. एसएमएस 140 बाइटचा. सहाशे पटीहून जास्त फरक, तरी दीड रुपया आणि पाच रुपये.

कारण दर वजनावर ठरत नाही, तो पलीकडच्या दारात काय द्यावं लागतं आणि मधे किती जणांची स्पर्धा आहे यावर ठरतो. परदेशी कॉल आपल्या कंपनीकडून एका आंतरराष्ट्रीय वाहकाकडे जातो. असे वाहक पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांशी मिनिटाच्या घाऊक दरावर झगडतात. आपली कंपनी त्यातला स्वस्त मार्ग निवडू शकते. अमेरिका आणि कॅनडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिथे मोबाईल आणि लँडलाइनचे क्रमांक दिसायला सारखेच, दोन्ही +1चे, आणि कॉल घेणाऱ्याच्या मोबाईलचा खर्च परंपरेने तो घेणाराच आपल्या प्लॅनमधून भरत आला. त्यामुळे पलीकडे कॉल पोचवण्याची घाऊक किंमत अगदी कमी. म्हणून अमेरिकेचे पॅक इतके स्वस्त.

एसएमएसचा रस्ता वेगळा आहे. बाईंचा मेसेज आधी त्यांच्याच कंपनीच्या मेसेज केंद्रात जातो. ते केंद्र अमेरिकेतल्या कंपनीच्या नोंदवहीला विचारतं, हा क्रमांक आत्ता नेटवर्कच्या कुठल्या भागात आहे? उत्तर आलं की मेसेज तिकडे सोपवतं. या प्रवासात पलीकडच्या कंपनीला प्रत्येक मेसेजमागे ठरलेली रक्कम द्यावी लागते, आणि ती त्या दोन कंपन्यांच्या करारातून किंवा मधल्या जोडणाऱ्या संस्थेमार्फत ठरते. देशात असा मेसेज पोचवल्याबद्दल एका कंपनीने दुसरीकडून किती घ्यावं हे ट्रायने 2013मध्ये 2 पैसे असं बांधून दिलं. परदेशी मेसेजला तसा बांध नाही. तिकडच्या कंपन्याही ही रक्कम सहजी खाली आणत नाहीत, कारण आता परदेशातून येणारे एसएमएस बहुतांश बँका आणि अ‍ॅप यांचे ओटीपी असतात, आणि त्यातून त्यांना चांगली मिळकत होते. बाईंच्या ‘तू जेव वेळेवर’ला त्याच दारातून जावं लागतं.

आणि इथली बाजू. परदेशी कॉल आणि एसएमएसचे किरकोळ दर ट्राय ठरवत नाही, कंपनीने ठरवून जाहीर करायचे असतात. कॉलच्या बाबतीत व्हॉट्सअ‍ॅपशी आणि एकमेकांशी स्पर्धा असल्याने पॅक निघाले, दर उतरले. परदेशी एसएमएस हातानं पाठवणारा माणूसच कमी राहिला, म्हणून त्याचे पॅक कुणी काढत बसलं नाही. माझ्या मते 5 रुपयांमागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: तो दर कमी करून घ्यायला कुणी गिऱ्हाईकच उभं राहिलं नाही.

अजून एक फरक आहे तो लोकांच्या लक्षात येत नाही. कॉल उचलला तरच पैसे लागतात. एसएमएसचे पैसे साधारणपणे आपल्या कंपनीच्या केंद्राने तो स्वीकारला की कापले जातात. पलीकडचा फोन बंद असो, क्रमांकात एक आकडा चुकलेला असो, मेसेज पोचो न पोचो. केंद्र काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, मग सोडून देतं, पैसे परत येत नाहीत.

मात्र ‘एसएमएस नेहमी महाग’ असंही समजू नये. त्याच आठवड्यात माझ्याकडे एक मामू आले, त्यांचा मुलगा दुबईला ड्रायव्हर. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज चालतात पण कॉल बंद असतात. मामूंकडे पॅक नव्हता, आणि त्यांच्या प्लॅनचा दुबईचा साधा दर मिनिटाला 12 रुपये. तिकडे मोबाईलवर कॉल पोचवायचा घाऊक दर अमेरिकेपेक्षा खूप वर असतो. ‘पोचलो’ एवढाच निरोप द्यायचा असेल तर त्यांना 5 रुपयांचा एसएमएस परवडतो, कारण कॉल दहा सेकंदांचा झाला तरी पूर्ण मिनिट धरलं जातं. म्हणून हिशोब देशावर, पॅकवर आणि मजकुराच्या लांबीवर बदलतो. बाईंच्या बाबतीत तिन्ही गोष्टी मेसेजच्या विरुद्ध होत्या.

तक्रार आणि त्यानंतर

198वर तक्रार नोंदवली, क्रमांक घेतला. तीन दिवसांनी उत्तर आलं की आकारणी जाहीर दराप्रमाणे झाली आहे. नियमाने ते बरोबर होतं. मी बिलिंगमध्ये असतो तर मीही हेच उत्तर दिलं असतं. पण एका मेसेजचे तीन तुकडे पडणार आहेत हे पाठवण्याआधी पडद्यावर ठळक दिसलं पाहिजे, हे माझं मत मी त्या तक्रारीत लिहून पाठवलं. पैसे परत आले नाहीत.

मग आम्ही दोघं फोन घेऊन बसलो. आधी iMessage थोडा वेळ बंद करून मेसेजच्या सेटिंगमधलं Character Count चालू करून दाखवलं. साधा एसएमएस लिहिताना मजकूर ओळीपेक्षा लांब गेला की बाजूला आकडा येतो, मराठी लिहिलं की मर्यादा 70 दिसते. बाईंनी ‘आजीचा ताप उतरला’पर्यंत लिहून पाहिलं, 69 दिसले, मग एक शब्द वाढवून पाहिला. iMessage पुन्हा चालू केलं तेव्हा +44चे 5 रुपये परत जातील हे आधीच सांगितलं, आणि ते मी भरले. लिहिण्याच्या चौकटीत iMessage लिहिलेलं आहे की Text Message, हे पाठवण्याआधी बघायचं, एवढी एक सवय त्यांनी लावून घेतली.

Send as Text Message बंद करून टाकू का, असं मी विचारलं. बंद केलं तर इंटरनेट नसताना मेसेज जाणारच नाही, पैसेही कापले जाणार नाहीत. बाईंनी जरा विचार केला. “नको,” म्हणाल्या. “सासूबाईंचं काही झालं आणि फोन लागला नाही तर? पाच रुपये गेले तरी चालतील, निरोप गेला पाहिजे.” म्हणून ते चालूच ठेवलं. पॅक संपायची तारीख त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली, त्याखाली ‘मेसेजला नाही’ असं.

मुलाला तिथूनच फोन लावला. साडेसहा मिनिटं बोलल्या, सात धरली गेली, साडेदहा रुपये. त्यात त्यांनी ठरवलं: पुन्हा इंटरनेट बंद झालं तर बाई सकाळी एक मिस कॉल देतील. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन कर. न उचललेल्या कॉलला पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी इंटरनेट गेलं तेव्हा सकाळी सव्वासातला पलीकडे एक रिंग वाजली, आणि मुलाने तिकडून तशीच एक रिंग परत दिली.